दर शुक्रवारी दहा प्रश्न आणि आटत चाललेली उत्तरं

*चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी एचआर सांभाळते. एकूण ३४० माणसं आहेत. १०० ऑफिसात, २४० शॉप फ्लोअरवर. एमडींच्या आग्रहाने वर्षभरापूर्वी आम्ही दर शुक्रवारी मोबाइलवर दहा प्रश्नांचा ‘पल्स सर्व्हे’ सुरू केला. सुरुवातीला ७८ टक्के लोक भरायचे. मागच्या शुक्रवारी १६२ उत्तरं आली: ऑफिसातून ९०, फ्लोअरवरून ७२. सुपरवायझर म्हणतात, “मॅडम, पोरं कंटाळलीत.” एमडींना मात्र दर आठवड्याचा आकडा हवाच आहे. मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. महिन्यातून एकदा केला तर कंटाळा जाईल का? आणि प्रश्न आलटूनपालटून विचारायचे तर कुठले कायम ठेवायचे, कुठले फिरवायचे? एमडी प्रश्न बदलायला तयार नाहीत. मग तुलनाच होणार नाही, असं त्यांचं म्हणणं.*

*— एक एचआर मॅनेजर, चाकण*

‘पोरं कंटाळलीत’ हा सुपरवायझरांचा अंदाज आहे. तो बरोबर असेलही, पण सर्व्हे किती दिवसांनी घ्यायचा हे ठरवण्याआधी तो तपासून घ्या. माणूस कंटाळला तरी फॉर्म भरत नाही आणि त्याचा विश्वास उडाला तरी भरत नाही. टक्केवारीत दोन्ही सारखेच दिसतात, इलाज मात्र वेगळे आहेत. कंटाळ्यावर सर्व्हेची संख्या कमी करून भागतं. विश्वास उडाला असेल तर महिन्यातून एकदा घेतलेला सर्व्हेही तसाच ओस पडेल, फक्त तुम्हाला ते कळायला चौपट वेळ लागेल.

तपासायला फार काही लागत नाही. मागच्या दोन महिन्यांची उत्तरं एक्सेलमध्ये उघडा. फॉर्म मायक्रोसॉफ्टचा असेल तर Start time आणि Completion time असे दोन रकाने मिळतील. गूगल फॉर्म फक्त पाठवल्याची वेळ देतो, त्यात किती वेळ लागला ते कळत नाही. दहा प्रश्न नीट वाचून उत्तरं द्यायला मिनिटभर तरी जातं. पंधरा सेकंदांत आटोपलेले फॉर्म किती आहेत ते मोजा. त्यानंतर सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर ठोकून दिलेल्या ओळी शोधा. दहा उत्तरं D ते M रकान्यांत असतील तर शेजारच्या रिकाम्या रकान्यात एवढं लिहून खाली ओढा:

```
=COUNTIF(D2:M2,D2)=10
```

जिथे TRUE येईल त्या माणसाने दहाही प्रश्नांना तेच उत्तर दिलं आहे. एखाद्याचं खरोखरच सगळीकडे ‘४’ असू शकतं, तेव्हा एकेका ओळीवरून कुणाबद्दल मत बनवू नका. अशा ओळींचं प्रमाण महिन्यागणिक वाढतंय का, एवढंच बघा. वाढत असेल तर ते कंटाळ्याचं लक्षण आहे.

आता उलट चित्र. जे ७२ भरतात ते सावकाश भरतात, उत्तरं वेगवेगळी देतात, शेवटच्या मोकळ्या रकान्यात चार शब्द लिहितातही. पण त्यांची संख्या घटत चालली आहे. असं असेल तर जे थांबले ते कंटाळून थांबलेत असं म्हणायला आधार नाही. त्यांनी बहुधा लिहिलं, वाट पाहिली आणि नाद सोडला.

आणखी एक नमुना फ्लोअरवर हमखास दिसतो. एका लाइनचे वीस-बावीस फॉर्म शिफ्ट सुटायच्या आधीच्या सात-आठ मिनिटांत येतात. याचा अर्थ कुणीतरी मागे उभं राहून भरून घेतले, किंवा एकाच फोनवरून भरले. अशी उत्तरं हिशेबात धरूच नका. आणि सुपरवायझरवर डाफरूही नका. ‘तुमच्या लाइनची टक्केवारी कमी आहे’ असा मेसेज त्याला तुमच्याकडूनच गेलेला असण्याची शक्यता दाट आहे.

हे बघून झालं की स्वतःचाच फॉर्म कामगाराच्या नजरेने उघडा. वर टोकन नंबर विचारलाय का? कंपनीच्या ईमेलने लॉगिन करावं लागतं का? खाली ‘आपली ओळख गुप्त राहील’ आणि वर टोकन नंबर, असे फॉर्म मी बरेच पाहिलेत. दहा-दहा वर्षं पंचिंग करणारा माणूस तो नंबर एकदा टाइप करतो आणि पुढे सगळीकडे ‘चांगलं आहे’ दाबून मोकळा होतो. नंबर काढून टाका. शिफ्ट आणि विभाग एवढंच विचारा.

आता तुमचा पहिला प्रश्न. किती दिवसांनी विचारावं, याचं उत्तर लोकांच्या सहनशक्तीत शोधायला गेलं की आठवडा, पंधरवडा, महिना अशी घासाघीस होते आणि कुठलाही आकडा अंदाजेच निघतो. त्याऐवजी असं बघा, की एका उत्तरावर काही करून दाखवायला तुमच्या कंपनीला किती दिवस लागतात?

एक उदाहरण धरू. ‘कामाला लागणारे गेज, टूल, हातमोजे वेळेवर मिळतात’ या प्रश्नाला फर्स्ट शिफ्टने बरे गुण दिले आणि सेकंड शिफ्टने अगदी कमी. पहिला आठवडा उत्तरं गोळा करण्यात गेला. दुसऱ्यात तुम्ही विभागवार तक्ते काढले, खातेप्रमुखांना दाखवले. तिसऱ्यात सेकंड शिफ्टच्या लाइनवर पंधरा मिनिटं उभं राहून विचारलं, तेव्हा कळलं की टूल देणाऱ्या खोलीचा, म्हणजे टूल क्रिबचा माणूस जनरल शिफ्टचा आहे. तो संध्याकाळी सहाला कुलूप लावून जातो, आणि त्यानंतर इन्सर्ट मोडला तर शेजारच्या मशीनवरून उसना आणावा लागतो. म्हणजे आकड्याने फक्त बोट दाखवलं, कारण बोलण्यातून कळलं. मग स्टोअर्सशी बोलणी, किल्ली कुणाकडे, हिशेब कुणाचा, रजिस्टरवर सही कुणाची. यात तीन आठवडे सहज जातात. सातव्या आठवड्यात क्रिब रात्री दहापर्यंत उघडा राहू लागला आणि आठव्यात कॅन्टीनच्या फळ्यावर लागलं: ‘तुम्ही सांगितलं होतं, हे केलं.’

हे झाले दोन महिने, आणि यात कुणीही आळस केलेला नाही. आता याच काळात तुम्ही तोच प्रश्न आठ वेळा विचारलेला असतो. पहिल्या शुक्रवारी कामगाराने खरं सांगितलं. पुढच्या पाच शुक्रवारी काहीच बदललेलं नसताना त्याला तेच विचारलं गेलं. चौथ्या वेळी तो काय समजेल?

म्हणून तुमच्यासारख्या कारखान्याला माझा सल्ला दोन महिन्यांतून एकदा, म्हणजे वर्षाला सहा फेऱ्या. महिन्यातून एकदाही चालेल, पण एका अटीवर: उत्तर मिळाल्यापासून काम दिसेपर्यंतचं अंतर तुम्ही महिन्याच्या आत आणलं पाहिजे. वीस-तीस माणसांच्या सॉफ्टवेअर टीममध्ये ते जमतं, कारण तिथे निर्णय घेणारा समोरच्याच टेबलावर असतो. जिथे स्टोअर्स, मेंटेनन्स, कंत्राटदार आणि युनियन अशा चार दारांतून फाइल जाते तिथे जमवणं कठीण.

दर आठवड्याला विचारण्याचीही एक जागा आहे. लाइन हलवताय, शिफ्टच्या वेळा बदलताय, नवीन ईआरपी येतंय, अशा वेळी फक्त ज्यांना झळ बसते त्यांनाच दोन प्रश्न दर आठवड्याला विचारा. किती आठवडे ते आधीच जाहीर करा, चार किंवा सहा, आणि त्या तारखेला बंद करा. शेवट ठाऊक असला की माणसं खुशीने भरतात.

तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि इथे एमडींचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. प्रश्नाचे शब्द बदलले, पर्याय पाचाचे सात केले, किंवा पाचव्या क्रमांकाचा प्रश्न पहिला आणला, तरी तुलना बिघडते. आधीच्या प्रश्नाचा रंग पुढच्या उत्तराला लागतो. बोनसबद्दल विचारून लगेच ‘इथे काम करायला आवडतं का’ विचारलंत तर उत्तर बोनसचंच येणार. पण तुलना टिकवायला सगळेच प्रश्न दर वेळी विचारायची गरज नाही. काही प्रश्न दर फेरीत, त्याच शब्दांत, त्याच क्रमाने, सगळ्यांत वर ठेवायचे. बाकीचे ठरलेल्या पाळीने यायचे. तेही शब्द न बदलता.

कायमचे तीन पुरेत. कुठला प्रश्न कायमचा, हे ठरवताना मी दोन गोष्टी बघतो. त्याचं उत्तर दोन महिन्यांत खरोखर हलू शकतं का, आणि हललं तर तुम्ही त्याच आठवड्यात कुणाला तरी फोन लावाल का? ‘कंपनीच्या ध्येयधोरणांशी मी सहमत आहे’ यावर कुणी फोन लावत नाही. तुमच्यासाठी मी हे तीन निवडेन:

‘गेल्या दोन आठवड्यांत मला काम नीट करता आलं.’

‘पुढचं वर्षभर इथेच काम करायचा माझा विचार आहे.’

‘मागच्या सर्व्हेत लोकांनी सांगितलेल्या गोष्टींवर काहीतरी झालेलं मला दिसलं.’

तिसरा प्रश्न बहुतेक कंपन्या विचारत नाहीत, कारण त्याचं उत्तर एचआर आणि व्यवस्थापन यांच्याच अंगावर येतं. पण बाकीची उत्तरं किती खरी मानायची हे त्यावरूनच ठरतं. त्याचे गुण घसरले की पुढच्या एक-दोन फेऱ्यांत भरणारेही घटतील असं धरून चाला. पहिल्या प्रश्नातले ‘गेल्या दोन आठवड्यांत’ हे शब्दही मुद्दाम आहेत. काळ दिला नाही की माणूस एकूण मत सांगतो, आणि एकूण मत दोन महिन्यांत फारसं हलत नाही. मग तुम्ही सपाट रेघ बघत बसता आणि सगळं आलबेल आहे असं समजता.

फिरते प्रश्न नऊ ठेवा, तीन-तीनांचे तीन गट. सोयीसाठी त्यांना कामाची सोय, वरिष्ठ आणि पुढची वाट अशी नावं देऊ. ‘कामाची सोय’मध्ये मशीन दुरुस्तीला लागणारा वेळ, सुरक्षेची साधनं, शिफ्ट बदलताना मिळणारा निरोप. ‘वरिष्ठ’मध्ये: चूक झाली तर न घाबरता सांगता येते का, चांगल्या कामाची दखल घेतली जाते का, ओव्हरटाइमचं वाटप सगळ्यांना सारखं होतं का. ‘पुढची वाट’मध्ये नवीन मशीन शिकायची संधी, पुढच्या ग्रेडला जायला काय लागतं ते माहीत आहे का, आणि पगारवाढ कशी ठरते ते समजतं का. शेवटच्या प्रश्नाचं नीट बघा: ‘पगार पुरेसा आहे का’ असं मी विचारलेलं नाही. त्याचं उत्तर तुम्हाला आजच माहीत आहे, आणि सर्व्हेच्या जोरावर तुम्ही पगार वाढवणार नाही. जे देणार नाही त्याबद्दल विचारू नये. पगारवाढ कशी ठरते हे समजावून सांगणं मात्र तुमच्या हातात आहे.

एका प्रश्नात एकच गोष्ट ठेवा. ‘कॅन्टीन आणि बसची सोय चांगली आहे’ यात बस चांगली पण जेवण वाईट असेल तर कामगाराने काय दाबायचं?

आता पाळी. जानेवारी, मार्च, मे, जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर अशा सहा फेऱ्या धरा. जानेवारीत ‘कामाची सोय’, मार्चमध्ये ‘वरिष्ठ’, मेमध्ये ‘पुढची वाट’, आणि जुलैपासून पुन्हा तोच क्रम. तीन गट आणि सहा फेऱ्या असल्याने प्रत्येक गट वर्षातून दोनदा आणि दर वर्षी त्याच महिन्यांत येतो. चार गट केलेत तर एकेक गट आठ महिन्यांनी फिरून येईल. एकदा जानेवारीत, मग सप्टेंबरमध्ये, मग पुढच्या मेमध्ये. हे गोंधळाचं आहे, कारण कारखान्याला ऋतू असतात. एप्रिलमध्ये तुमच्याकडे इन्क्रिमेंटची पत्रं मिळत असतील तर मेमधल्या ‘पुढची वाट’च्या उत्तरांवर त्या पत्रांचा रंग असणारच. तो दर मेमध्ये असेल तर या वर्षीचा मे मागच्या वर्षीच्या मेशी ताडून बघता येतो. मेची तुलना नोव्हेंबरशी मात्र करू नका. आणि नोव्हेंबरची फेरी दिवाळी व बोनस उलटून दोनेक आठवडे झाल्यावरच घ्या, मार्चची पहिल्या पंधरवड्यात उरका; वर्षअखेरीच्या डिस्पॅचच्या धावपळीत कुणाला फॉर्म सुचत नाही.

तीन कायमचे, तीन फिरते आणि शेवटी लिहायला एक मोकळा रकाना. सात झाले. आठवा कुणी सुचवला तर त्याबदल्यात कुठला काढायचा ते त्याच माणसाला विचारा; सुचवण्या बऱ्याच कमी होतात, अनुभव आहे.

फेरी शुक्रवारपुरती ठेवू नका, पाच कामाचे दिवस उघडी ठेवा. तुमच्याकडे गुरुवारची सुट्टी असेल तर शुक्रवार हा आठवड्याचा पहिला दिवस. प्लॅनिंगवाले मागे लागलेले असतात, अशा दिवशी फ्लोअरवरून उत्तरं कमी येण्यात नवल काय? शिफ्टच्या सुरुवातीला, टूलबॉक्स टॉकनंतरची पाच मिनिटं द्या, कामाच्याच वेळेत. सुटताना नको, बस चुकवून कुणी मत देत नाही. ज्यांना फोनवर मराठी टाइप करणं जड जातं त्यांच्यासाठी कागदी फॉर्म आणि कुलूपबंद पेटी ठेवा, पेटी सुपरवायझरच्या टेबलावर न ठेवता कॅन्टीनजवळ. लाइनवर हिंदी बोलणारी मुलं असतील तर हिंदी फॉर्मही हवा. वेतन कराराची बोलणी चालू असतील तर त्या महिन्यातली फेरी सरळ गाळा. प्रत्येक उत्तर तेव्हा टेबलावरचं हत्यार होतं, युनियनचंही आणि व्यवस्थापनाचंही.

निकाल दाखवताना छोट्या गटांची काळजी घ्या. पाचपेक्षा कमी उत्तरं असलेल्या गटाचा आकडा दाखवायचा नाही, हा नियम बहुतेकांना माहीत असतो. त्यातली पळवाट माहीत नसते. पेंट शॉपमधून नऊ उत्तरं आली. तुम्ही पेंट शॉपचा एकूण आकडा दिला आणि दुसऱ्या तक्त्यात पेंट शॉपमधल्या सात कायम कामगारांचा. दोन्ही गट पाचाच्या वर, नियम पाळला. पण वजाबाकी केली की उरलेल्या दोन कंत्राटी मुलांचं मत उघडं पडतं, आणि ती दोघं कोण हे सगळ्या शॉपला माहीत असतं. तेव्हा एका विभागाचे एकाच पद्धतीने तुकडे करा; शिफ्टवार किंवा कायम-कंत्राटी, दोन्ही नकोत. मोकळ्या रकान्यातली वाक्यं तर विभागवार देऊच नका. बोलीवरून माणूस ओळखू येतो.

लहान गटाचा आकडा उड्याही फार मारतो. आठ उत्तरं असतील तर एका माणसाचं मत फिरलं की टक्केवारी साडेबारा अंकांनी हलते. अशा उडीवरून टूल रूमच्या इन्चार्जला केबिनमध्ये बोलावणं म्हणजे त्याच्या माणसांना पुढच्या वेळी सगळीकडे ‘४’ दाबायला शिकवणं.

एमडींचं काय करायचं? त्यांना दर आठवड्याला काहीतरी बघायचं आहे, आणि त्यात गैर काही नाही. पण त्यासाठी कुणाला प्रश्न विचारायची गरज नाही. विनापरवाना गैरहजेरी, राजीनामे, बदली मागणारे अर्ज, तक्रार रजिस्टरातल्या नोंदी, थोडक्यात टळलेले अपघात. हे सगळं तुमच्याकडे दर आठवड्याला तयार असतं. विभागवार एका पानावर मांडून शनिवारी त्यांच्या टेबलावर ठेवा. सेकंड शिफ्टमध्ये गैरहजेरी तीन आठवडे वाढत असेल तर ते कुठल्याही पल्सच्या आधी बोलतं.

एवढ्यानेही भागलं नाही आणि मताचा आकडा दरमहा हवाच असेल तर माणसं वाटून घ्या. टोकन नंबरचा शेवटचा अंक सम त्यांना एका महिन्यात, विषम त्यांना पुढच्या महिन्यात. प्रत्येकाच्या वाट्याला दोन महिन्यांनीच फॉर्म येतो, एमडींना आकडा दरमहा मिळतो. टोकन नंबर इथे फक्त कुणाला निरोप धाडायचा एवढ्यासाठी वापरायचा, फॉर्ममध्ये नाही. देशातली बेरोजगारी मोजणारं सरकारी श्रमशक्ती सर्वेक्षणही घरं पाळीने बदलतं: जानेवारी २०२५ पासूनच्या पद्धतीत निवडलेल्या घराकडे चार महिने ओळीने चार वेळा जातात आणि मग त्याला मोकळं करतात. तुमचा कारखाना लहान असल्याने यात एक तोटा आहे, तो एमडींना आधीच सांगा. दर महिन्याला शंभरएक उत्तरं आली आणि साधारण साठ टक्के अनुकूल असली, तर लागोपाठच्या दोन महिन्यांत तेरा-चौदा अंकांपर्यंतचा फरक फक्त माणसं वेगळी होती म्हणूनही पडू शकतो. त्यापेक्षा लहान हालचालीवर मीटिंग बोलावू नये. एवढं ऐकून ते दोन महिन्यांवर यायला तयार होतील असं मला वाटतं.

एक गोष्ट मात्र करू नका: टक्केवारी वाढावी म्हणून विभागांत स्पर्धा, कूपन, ‘सर्वाधिक सहभाग’ची ढाल. ढाल मिळेल, उत्तरं खोटी येतील.

पुढची पावलं. हा शुक्रवारचा सर्व्हे थांबवा आणि थांबवल्याचं फळ्यावर लिहा. गुपचूप बंद केलात तर तोही अनुभव लोकांच्या लक्षात राहतो. वर्षभराच्या उत्तरांतून फ्लोअरच्या दोन जुन्या मागण्या निवडा, पैसे कमी लागतील आणि डोळ्यांना दिसतील अशा. त्या पुऱ्या करा, आणि मगच नव्या पद्धतीची पहिली फेरी घ्या. वर्क्स कमिटी असेल तर निकाल तिच्यासमोर आधी ठेवा.

त्या पहिल्या फेरीआधी एमडींसोबत बसून एक हिशेब कागदावर मांडा, नाहीतर सगळं मुसळ केरात जाईल. समजा ऑफिसातले ८० टक्के लोक समाधानी आहेत आणि फ्लोअरवरचे ५०. मागच्या शुक्रवारच्या पद्धतीने बघितलं तर ऑफिसच्या ९० उत्तरांत ७२ अनुकूल, फ्लोअरच्या ७२ उत्तरांत ३६. मिळून १६२ पैकी १०८, म्हणजे ६७ टक्के. आता नव्या पद्धतीने फ्लोअरचा सहभाग दुप्पट झाला, १४४ उत्तरं आली, त्यातली निम्मी म्हणजे ७२ अनुकूल. एकूण २३४ पैकी १४४, ६२ टक्के. एकाही माणसाचं मत बदललेलं नाही, उलट तुमचं काम फत्ते झालं आहे, आणि आकडा पाच अंकांनी घसरला! सगळ्या ३४० जणांनी भरलं असतं तर तो ५९ आला असता, म्हणजे जुना ६७ हाच फुगलेला होता. म्हणून ऑफिस आणि फ्लोअरचे आकडे कायम वेगळे दाखवा. एकच आकडा द्यायचा असेल तर दोन्हींच्या टक्केवाऱ्यांना १०० आणि २४० ने गुणून, बेरजेला ३४० ने भागून द्या. जुन्या साप्ताहिक आलेखावर बंद केल्याच्या तारखेला उभी रेघ मारा आणि नवा आलेख वेगळ्या कागदावर सुरू करा.